टेल्कोचे दोन तुकडे आणि मामांचे दीडशे शेअर

१४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. दिवाळी आठवड्यावर आलेली. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मामांचा फोन.

"अरे, टेल्को पार झोपला की! सहाशे साठवरून चारशे. विकून टाकू का?"

मामा चिंचवडला राहतात. कंपनीचं नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झालं, तरी त्यांच्या तोंडी अजून टेल्कोच आहे. त्यांचं इन्कम टॅक्सचं विवरणपत्र दरवर्षी मीच भरतो, म्हणून त्यांच्या डिमॅट खात्यात काय आहे ते मला जवळपास पाठ आहे. टाटा मोटर्सचे १५० शेअर. त्यातले १०० मार्च २०२३ मध्ये ४२० रुपयांना घेतलेले आणि ५० जून २०२४ मध्ये, सगळीकडे गाजावाजा चाललेला असताना, ९५० ना घेतलेले. एकूण गुंतवणूक ८९,५०० रुपये. दलाली आणि बारीकसारीक खर्च इथे सोडून देतो.

"मामा, आत्ता कशालाही हात लावू नका. अर्ध्या तासात घरी येतो."

गेलो तर मोबाईल पुढ्यात ठेवून बसले होते. अ‍ॅपवर लाल अक्षरात तोटा २९,५०० रुपये, म्हणजे जवळपास ३३ टक्के. आदल्या संध्याकाळी हेच अ‍ॅप ९,६१२ रुपये नफा दाखवत होतं. एका रात्रीत एकोणचाळीस हजार गेले, असा त्यांचा हिशोब. मामींनी चहा आणून ठेवला आणि "यांना आधीच सांगितलं होतं, एफडी करा" एवढं बोलून त्या आत गेल्या.

त्या रात्री काय झालं

कंपनीने मार्च २०२४ मध्येच जाहीर केलं होतं की ट्रक-बसचा धंदा एका कंपनीत आणि मोटारींचा दुसऱ्या कंपनीत जाणार. मग योजनेचा मसुदा, भागधारकांचं मतदान, एनसीएलटी म्हणजे कंपनी कायदा न्यायाधिकरणाची मंजुरी हे सगळं यथासांग पार पडलं आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून विभाजन अमलात आलं. मामांना त्या काळात कंपनीच्या तीन ईमेल आल्या होत्या. तिन्ही न वाचलेल्या.

रचना अशी होती. ट्रक, बस, छोटा हत्ती वगैरे व्यावसायिक वाहनांचा सगळा धंदा मूळ कंपनीतून उचलून टीएमएल कमर्शियल व्हेईकल्स नावाच्या नव्या कंपनीत गेला. मूळ कंपनीत राहिल्या मोटारी, इलेक्ट्रिक गाड्या आणि ब्रिटनची जॅग्वार लँड रोव्हर. आणि मूळ कंपनीच्या प्रत्येक भागधारकाला एका शेअरमागे नव्या कंपनीचा एक शेअर, फुकट. मामांकडे १५० होते, म्हणजे जुने १५० तसेच राहणार आणि वर नवे १५० मिळणार.

'फुकट' या शब्दावर मामा जरा सावरून बसले. पण हा शब्दच फसवा आहे. घराची वाटणी होऊन मधे भिंत पडली आणि दोन्ही खोल्या तुमच्याच नावावर राहिल्या, तर दुसरी खोली फुकट मिळाली असं कोणी म्हणत नाही. काल एका शेअरमध्ये ट्रकही होते आणि मोटारीही. आज त्या शेअरमध्ये फक्त मोटारी उरल्या, म्हणून भाव उतरला. ट्रक वेगळ्या कागदावर गेले आणि तो कागद अजून मामांच्या खात्यात दिसत नव्हता. सगळा घोळ या मधल्या फटीतला.

नवा शेअर कोणाला मिळणार हे रेकॉर्ड डेट ठरवते, आणि ती तारीख होती १४ ऑक्टोबर. आपल्याकडे आता सौदा झाल्यावर लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी शेअर खात्यात येतात. त्यामुळे १३ तारखेला ज्याने घेतले त्याचं नाव १४ ला यादीत लागलं आणि त्याला दोन्ही मिळाले. १४ ला ज्याने घेतले त्याने नुसती मोटारींची कंपनी घेतली. उलट, मामांनी त्या सकाळी घाबरून सगळे १५० विकले असते तरी ट्रकचे १५० शेअर त्यांनाच मिळाले असते, कारण यादीत नाव त्यांचंच होतं. विकले गेले असते ते फक्त मोटारींचे, ४०० च्या भावाने.

चारशे हा आकडा कुठून आला

विभाजनाच्या दिवशी बाजार त्या शेअरसाठी नेहमीसारखा सव्वानऊला उघडत नाही. नऊ ते दहा असा एक तास खास लिलाव चालतो. ज्याला जितक्याला घ्यायचा-विकायचा असेल त्या भावाची ऑर्डर तो टाकतो आणि ज्या भावाला जास्तीत जास्त सौदे जुळतात तो सुरुवातीचा भाव ठरतो. एनएसईवर त्या दिवशी तो भाव ठरला ४०० रुपये. आदल्या दिवशीचा बंद भाव ६६०.७५ होता. दोन्हींतला फरक २६०.७५, आणि शेअर बाजारात नोंदणी होईपर्यंत तीच ट्रकच्या कंपनीच्या शेअरची मानलेली किंमत.

मानलेली म्हणजे खरोखरच मानलेली. या आकड्याला ट्रकचा एकही शेअर कोणी विकलेला नाही की घेतलेला नाही. ही वजाबाकीतून उरलेली किंमत आहे. मोटारींच्या कंपनीला लोकांनी ४३० दिले असते तर ट्रकची मानलेली किंमत २३०.७५ झाली असती आणि ट्रकच्या धंद्यात तसूभरही बदल झालेला नसता. त्यातही तेव्हा जॅग्वार लँड रोव्हरवर सायबर हल्ला होऊन तिथलं उत्पादन सप्टेंबरभर बंद पडलेलं होतं, त्यामुळे मोटारींच्या बाजूबद्दल लोक आधीच धास्तावलेले. लिलावात ती धास्तीही मिसळलेली असणारच.

मामांना कागदावर मांडून दाखवलं. मोटारींचे १५० शेअर गुणिले ४००, म्हणजे ६०,०००. ट्रकचे १५० गुणिले २६०.७५, म्हणजे ३९,११२.५०. बेरीज ९९,११२.५०. आदल्या संध्याकाळी १५० गुणिले ६६०.७५ किती होते? ९९,११२.५०. पैसा न पैसा तोच.

"म्हणजे गेलं काहीच नाही?"

"काही गेलं नाही. काही आलंही नाही. अ‍ॅपला फक्त अर्धंच दिसतंय."

अ‍ॅपवर दिसणाऱ्या तोट्याचं कारण एवढंच होतं, की त्याने पूर्ण खरेदी किंमत, ८९,५०० रुपये, एकट्या मोटारींच्या शेअरच्या माथी मारली होती आणि समोर धरली होती फक्त मोटारींची किंमत. ट्रकचे शेअर त्याच्या हिशोबी अस्तित्वातच नव्हते. काही दिवसांनी ते खात्यात आले, पण बाजारात नोंदलेले नसल्याने पुढे भाव नाही आणि विकायची सोय नाही. १२ नोव्हेंबरला नोंदणी होईपर्यंत जवळपास महिनाभर मामांची चाळीस टक्के रक्कम अशी गोठलेली होती. ज्याला त्या महिन्यात पैशांची निकड असेल, किंवा ज्याने हे शेअर तारण ठेवून मार्जिन घेतलं असेल, त्याला ही फट नुसती दिसण्यापुरती राहत नाही. तारणाची किंमत त्या सकाळी ६६० च्या जागी ४०० वरून मोजली जाते.

आणखी एक गोष्ट त्याच दिवशी तपासली. भाव ६०० पर्यंत उतरला की आपोआप विकायची स्टॉपलॉस ऑर्डर मामांनी कधीतरी लावून ठेवली होती. बहुतेक ब्रोकर विभाजनाच्या आधी अशा लांब मुदतीच्या ऑर्डरी आपणहून रद्द करतात आणि मामांचीही झालेली होती. पण ती तशीच राहिली असती तर चारशेचा भाव दिसताक्षणी शेअर विकून मोकळी झाली असती. विभाजनाच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकाने पाहून घ्यावी अशी ही गोष्ट आहे.

खरेदी किंमत दोघांत कशी वाटायची

इथपर्यंतचं गणित मामांना पटलं. मग त्यांनी अगदी रास्त प्रश्न विचारला, "मग माझी मोटारींची खरेदी किंमत किती धरायची? बाजारात साठ-चाळीस झाली, म्हणजे साठ टक्के?"

हा प्रश्न जवळपास सगळ्यांचाच चुकतो. बाजाराने खरोखर साधारण ६०.५ आणि ३९.५ अशी वाटणी केली होती. पण आयकरासाठी खरेदी किंमत बाजारभावाच्या प्रमाणात वाटत नाहीत. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४९ मध्ये त्याची पद्धत दिली आहे: वेगळ्या झालेल्या धंद्याची निव्वळ पुस्तकी मालमत्ता विभाजनाच्या लगेच आधीच्या कंपनीच्या एकूण निव्वळ मूल्याच्या किती हिस्सा होती, तेवढाच तुमच्या खरेदी किमतीचा हिस्सा नव्या शेअरकडे जातो. हा हिस्सा कंपनी स्वतः काढते आणि शेअर बाजाराला कळवते. टाटा मोटर्सने जो कळवला तो असा: मोटारींकडे ६८.८५ टक्के, ट्रककडे ३१.१५ टक्के.

बाजार म्हणतो ३९.५, पुस्तकं म्हणतात ३१.१५. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. बाजार पुढच्या कमाईकडे पाहून किंमत लावतो. ताळेबंदात मात्र यंत्रं, जमिनी, गुंतवणुकी जितक्याला घेतल्या आणि घसारा जाऊन जितक्या उरल्या, तितक्याच दिसतात. जॅग्वार लँड रोव्हर २००८ मध्ये फोर्डकडून २.३ अब्ज डॉलरला घेतली. तिची आजची बाजारातली किंमत काय, हा प्रश्न कंपनीच्या स्वतंत्र ताळेबंदाला पडतच नाही. त्यामुळे 'बाजारात चाळीस टक्के मिळाले म्हणून किंमतही चाळीस टक्के' हा तर्क कितीही सरळ वाटला तरी विवरणपत्रात चालत नाही.

मामांच्या दोन खरेद्यांवर हे लावलं. मार्चच्या १०० शेअरची ४२० ची किंमत फुटली ती मोटारींना २८९.१७ आणि ट्रकला १३०.८३ अशी. जूनच्या ५० शेअरची ९५० ची किंमत फुटली ती ६५४.०८ आणि २९५.९२ अशी. एकूण ८९,५०० पैकी मोटारींच्या नावावर ६१,६२०.७५ आणि ट्रकच्या नावावर २७,८७९.२५ रुपये.

हे नीट झालं का, याचा पडताळा सोपा आहे. मोटारींची ४०० ने किंमत ६०,०००, म्हणजे तोटा १,६२०.७५. ट्रकची मानलेली किंमत ३९,११२.५०, म्हणजे नफा ११,२३३.२५. नफ्यातून तोटा वजा केला की उरतात ९,६१२.५०. आदल्या संध्याकाळी अ‍ॅपने दाखवलेला नफा हाच होता. ही बेरीज जमली नाही तर कुठेतरी टक्केवारी उलटी लावली आहे किंवा एखादी खरेदी सुटली आहे असं समजावं. माझ्या एका ओळखीच्याने ६८.८५ टक्के ट्रकला लावले होते, 'नवी कंपनी म्हणजे मोठी असणार' म्हणून. पडताळ्यात सापडलं.

मुदतीचा नियम मात्र भागधारकाच्या बाजूचा आहे. ट्रकचे शेअर खात्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये आले, तरी कर मोजताना ते मूळ शेअर घेतले त्या दिवसापासून मामांकडे आहेत असं धरतात. म्हणजे मार्च २०२३ आणि जून २०२४. दोन्ही खरेद्यांना बारा महिने उलटून गेलेले, म्हणून ट्रकचे शेअर नोंदणीच्या पहिल्याच दिवशी विकले तरी नफा दीर्घ मुदतीचा, आणि त्यावरचा कर वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. मूळ शेअर कोणी मार्च २०२५ मध्ये घेतले असते तर नोव्हेंबरमध्ये विकल्यावर नफा अल्प मुदतीचा धरला गेला असता. शेअर हातात पडले त्या क्षणी कर काही लागत नाही, कारण कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या विभाजनात असे शेअर मिळणं हे ना हस्तांतरण मानलं जातं, ना लाभांश.

मामांच्या दोन्ही खरेद्या अलीकडच्या होत्या म्हणून काम सोपं झालं. ३१ जानेवारी २०१८ च्या आधीचे शेअर असतील तर त्या दिवशीच्या भावाला खरेदी किंमत धरण्याची जुनी सवलत मध्ये येते, आणि तिची विभाजनाशी सांगड सीएकडूनच घालून घ्यावी.

नावांची अदलाबदल

हा भाग मला सगळ्यात गमतीचा वाटतो, आणि सगळ्यात जास्त माणसं अडखळली तीही इथेच. मूळ कंपनी, जिचा शेअर मामांकडे आधीपासून होता आणि जिच्या शेअरचा ओळख क्रमांक, आयएसआयएन, INE155A01022 तसाच राहिला, तिचं नाव बदलून टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेईकल्स झालं. आणि ट्रकच्या नव्या कंपनीला पुढे 'टाटा मोटर्स' हे जुनं नाव मिळालं. म्हणजे जुनी कंपनी नव्या नावाने आणि नवी कंपनी जुन्या नावाने. एनएसईवर मोटारींच्या कंपनीचं चिन्ह TMPV आणि ट्रकच्या कंपनीचं TMCV.

मामा डिमॅटचं पत्रक पाहून म्हणाले, "माझे टाटा मोटर्स कुठे गेले? हे कुठलं भलतंच नाव?" कोणीही हेच म्हणेल. पत्रकात जो शेअर 'नवा' वाटतो तो जुना असतो, आणि जो ओळखीचा वाटतो तो महिन्याभराचा असतो. नोव्हेंबरनंतर कोणी सहज 'टाटा मोटर्स घे' म्हणाला आणि समोरच्याने नाव टाकून घेतले, तर त्याच्या खात्यात ट्रक येतात. त्याला नेक्सॉन आणि रेंज रोव्हर हव्या असल्या तरी. म्हणून मी मामांच्या वहीत नाव लिहिलंच नाही. 'ट्रक' आणि 'मोटारी' एवढंच लिहिलं, शेजारी TMCV आणि TMPV.

जुन्या भावांचे आलेखही असेच फसवतात. जुना आलेख TMPV च्या नावावर राहिला. काही संकेतस्थळांनी मागचे सगळे भाव विभाजनाच्या प्रमाणात खाली आणले, काहींनी आणले नाहीत. न आणलेल्या ठिकाणी १४ ऑक्टोबरला कडा तुटल्यासारखी खोल रेघ दिसते. एकाच शेअरचा वर्षाचा परतावा दोन ठिकाणी वेगळा दिसला तर आधी हे तपासावं.

१२ नोव्हेंबर

ट्रकच्या कंपनीची नोंदणी झाली तेव्हा एनएसईवर पहिला भाव लागला ३३५. मानलेल्या २६०.७५ पेक्षा २८ टक्क्यांहून जास्त. मोटारींचा भाव त्या दरम्यान चारशेच्या आसपासच होता. मामांच्या १५० ट्रक शेअरची किंमत झाली ५०,२५०, म्हणजे वजाबाकीच्या हिशोबापेक्षा ११,१३७.५० जास्त.

मामा म्हणाले, "बघ, फुटल्याचा फायदा झाला." झाला असेलही. पण मी एवढ्यावर हो म्हणणार नाही. २६०.७५ ही उरलेली किंमत होती आणि ३३५ ही खऱ्या खरेदी-विक्रीतून आलेली. पहिली कमी असू शकते, तशीच जास्तही. त्याच वर्षी जानेवारीत आयटीसीतून हॉटेलांचा धंदा वेगळा झाला तेव्हा नेमकं उलटं घडलं. वजाबाकीतून हॉटेलच्या शेअरची किंमत एनएसईवर २६० निघाली होती आणि नोंदणीच्या दिवशी पहिला भाव लागला १८०. तिथे रचनाही वेगळी. आयटीसीने हॉटेल कंपनीतला सुमारे ४० टक्के हिस्सा स्वतःकडे ठेवला, आणि दहा शेअरमागे एक शेअर दिला. ज्याच्याकडे आयटीसीचे २५ शेअर होते त्याला हॉटेलचे दोन मिळाले आणि उरलेल्या अर्ध्या शेअरचे पैसे. टाटा मोटर्समध्ये एकास एक असल्याने असा अर्धामुर्धा प्रश्न आला नाही, आणि ट्रकच्या कंपनीतला कोणताही हिस्सा मूळ कंपनीकडे राहिला नाही. सगळी मालकी थेट भागधारकांकडे आली. कोणत्याही विभाजनात प्रमाण आणि मूळ कंपनीने स्वतःकडे काय ठेवलं, या दोन गोष्टी मी पहिल्यांदा पाहतो. धंद्याचा मोठा हिस्सा मूळ कंपनीच्या पोटातच राहिला, तर हातात येणारा नवा शेअर त्या मानाने छोटा असणार.

मामांना ट्रकचे थोडे शेअर विकायचे होते. पहिले दहा दिवस हा शेअर ट्रेड-टू-ट्रेड गटात होता, म्हणजे सकाळी घेऊन दुपारी विकायची सोय नाही, प्रत्येक सौद्याला शेअर खरोखर द्यायचे-घ्यायचे. मामांसारख्यांना त्याने काही अडत नाही. अडलं ते दुसरीकडेच. अ‍ॅपमध्ये ट्रकच्या शेअरची खरेदी किंमत शून्य दिसत होती.

हा शून्य धोक्याचा आहे. सगळे १५० शेअर ३३५ ने विकले आणि ब्रोकरच्या पत्रकातला शून्य तसाच विवरणपत्रात गेला, तर नफा दिसतो ५०,२५०. बाजाराच्या साठ-चाळीसने किंमत वाटली तर नफा दिसतो १५ हजारांच्या आत. खरा नफा आहे २२,३७०.७५. मामांचा वर्षाचा एकूण दीर्घ मुदतीचा नफा सव्वा लाखाच्या खाली होता, म्हणून तिन्ही आकड्यांनी कर शून्यच आला असता. पण ज्याच्याकडे दीडशेच्या जागी पाच हजार शेअर आहेत त्याला हा फरक लाखांत मोजावा लागतो. आणि शून्य धरून आज जास्त भरलं, तरी उरलेली खरेदी किंमत मोटारींच्या खात्यात चुकीची पडून राहते आणि पुढे मोटारी विकताना नफा खोटाच कमी दिसतो. मी अ‍ॅपमध्ये जाऊन दोन्ही शेअरच्या दोन्ही खरेद्या हाताने दुरुस्त केल्या आणि कंपनीच्या टक्केवारीच्या सूचनेची प्रत मामांच्या फाइलीत लावली.

त्यांनी शेवटी ट्रकचे ५० शेअर विकले. डिमॅटमध्ये आधी आलेले शेअर आधी गेले असं धरतात, म्हणून ते मार्च २०२३ च्या खरेदीतले, किंमत १३०.८३. मामांच्या मनात जूनची महागडी खरेदी आधी निकालात काढायची होती, तशी निवड एकाच खात्यात करता येत नाही. मोटारींच्या बाजूलाही तेच. जूनच्या मोटारींच्या शेअरवर ४०० च्या भावाने साडेबारा हजारांहून थोडा जास्त तोटा बसलेला होता आणि मामांना तो तोटा वापरायचा होता. पण तिथवर पोहोचायचं तर आधी मार्चचे शंभर विकावे लागले असते, जे नफ्यात होते.

शहात्तर हजार कोटींचा नफा

नोव्हेंबरच्या मध्यावर मोटारींच्या कंपनीचे तिमाही निकाल आले आणि मामांचा पुन्हा फोन. "अरे, ७६,१७० कोटी नफा! आणि पी-ई दोनच्याही खाली. आणखी घेऊ का?"

आकडा खरा होता आणि तरीही तो नफा नव्हता. त्यात ८२,६१६ कोटींचा एकदाचा कागदी नफा धरलेला होता. धंदा भागधारकांना वाटून देताना हिशोबाच्या नियमांप्रमाणे त्याची आजची वाजवी किंमत आणि पुस्तकातली किंमत यांतला फरक नफा म्हणून दाखवावा लागतो. कंपनीच्या तिजोरीत त्यातला एक रुपया आला नाही. उलट तो धंदा तर बाहेर गेला होता. तो आकडा बाजूला काढला तर त्या तिमाहीत कंपनी तोट्यात होती, जॅग्वार लँड रोव्हरचं उत्पादन थांबल्याचा फटका बसला होता, आणि शेअर चारशेच्या खाली आला. पण पडद्यावरचं पी-ईचं यंत्र एवढा विचार करत नाही. ते नफ्याला सुमारे ३६८ कोटी शेअरनी भागतं, येणाऱ्या आकड्याने भावाला भागतं आणि 'स्वस्त' म्हणून दाखवतं. पुढच्या तीन तिमाहींपर्यंत, म्हणजे तो आकडा वर्षभराच्या बेरजेतून बाहेर पडेपर्यंत, हे असंच दिसणार.

मामांना सांगितलं, आणखी घ्यायचेच असतील तर मोटारी आवडतात म्हणून घ्या, पी-ई दोन आहे म्हणून नको. ते काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ट्रक ठेवतो. टेल्को म्हणजे ट्रकच. गाड्या नंतर आल्या."

वहीत आता दोन ओळी आहेत. TMCV, १०० शेअर: त्यातले ५० मार्च २०२३ चे, १३०.८३ ने, ५० जून २०२४ चे, २९५.९२ ने. TMPV, १५० शेअर: १०० आहेत २८९.१७ ने, ५० आहेत ६५४.०८ ने. खाली मामांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, 'टेल्को = पहिली ओळ'.